तीस दानांचा पासवर्ड

इंदूरमधल्या आमच्या नातेवाइकांत पासवर्डाची एक पक्की रीत आहे. ओळखीचं एखादं नाव घ्यायचं, पहिलं अक्षर कॅपिटल करायचं, मग @ आणि शेवटी एखादं साल किंवा आकडा. `Rajwada@1234` टाकलं की पडद्यावर हिरवी पट्टी येते, ‘मजबूत’ असं लिहून येतं आणि सगळे निश्चिंत होतात. ती पट्टी अक्षरांचे प्रकार मोजते. पासवर्ड निवडला कसा, हे तिला कळायला मार्गच नाही. आणि पासवर्डाची ताकद ठरते ती तो कसा निवडला यावरच.

चोराच्या बाजूने हिशेब मांडू. नाव, चिन्ह, चार आकडे हा साचा त्याला पाठ असतो. पन्नास हजार नावं, दहा चिन्हं आणि दहा हजार आकडे धरले तर गुणाकार पाचशे कोटी होतो. पासवर्डांच्या चोरलेल्या फाइलवर घरबसल्या हल्ला करणारी यंत्रणा सेकंदाला एक लाख कोटी अंदाज तपासते असं धरू. हे गृहीत कडक आहे, पण हिशेब कडकच असलेला बरा. तिला हा साचा संपवायला सेकंदाचा दोनशेवा भाग पुरतो.

याला उत्तर म्हणून आर्नल्ड राइनहोल्ड यांनी 1995 मध्ये डाइसवेअर ही पद्धत मांडली. 7776 शब्दांची यादी असते आणि प्रत्येक शब्दाला 11111 ते 66666 यांपैकी एक पाच आकडी क्रमांक असतो, ज्यात 1 ते 6 हेच आकडे येतात. फासा पाच वेळा टाकायचा आणि जो क्रमांक येईल तो शब्द घ्यायचा. असे सहा शब्द झाले की पासवर्ड तयार. 7776 ही संख्या कुठून आली? पाच फाशांची दानं इतक्याच वेगवेगळ्या प्रकारांनी पडू शकतात: `6 × 6 × 6 × 6 × 6`.

आता बिट मोजू. एक बिट म्हणजे हो-नाही छापाचा एक प्रश्न. आठ शक्यतांतली एक शोधायला तीन प्रश्न पुरतात, म्हणून ते तीन बिट. फाशाच्या सहा शक्यता चार आणि आठ यांच्या मध्ये येतात, तेव्हा उत्तर दोन आणि तीन यांच्या मध्ये कुठेतरी हवं. ते `log2(6)`, म्हणजे 2.585 बिट. दोन फासे घेतले की शक्यता 36 होतात, 32 पेक्षा थोड्या जास्त. म्हणून पाचाच्या जरा वर, 5.17 बिट. शक्यतांचा गुणाकार होतो तिथे बिटांची नुसती बेरीज होते. ही सोय हाताशी आली की पुढचा सगळा हिशेब तोंडी जमतो. सहा शब्द म्हणजे तीस दानं आणि तीस दानं म्हणजे साडेसत्त्याहत्तर बिट.

हे बिट शब्दांमध्ये नसतात, ते दानांमध्ये असतात. म्हणूनच इंग्रजी यादी गैरसोयीची वाटत असेल तर घरची मराठी यादी करता येते. 7776 शब्द जमवणं कठीण, पण 216 शब्द एका वहीत सहज बसतात. तिथे एका शब्दाला तीन फासे लागतात आणि शब्द दहा घ्यावे लागतात. दानं पुन्हा तीसच, बिटही तेवढेच. समजा 4-2-6 असं दान पडलं. पहिल्या चारासाठी 36 चे तीन गठ्ठे ओलांडायचे, मग दोनासाठी सहाचा एक गठ्ठा, त्यापुढचा सहावा शब्द. 108 + 6 + 6, म्हणजे 120 वा. असे दहा शब्द काढले की साधारण असं काही हाती येतं (हे छापलं गेलं आहे, तेव्हा कोणी वापरू नये):

```
pohe nadi kulup sarafa vij topli ghungru mith dongar patang
```

इंदूरच्या माणसाने पोहे आणि सराफा घेतला तर चोर लगेच ओळखेल, असं वाटणं साहजिक आहे. पण आपण सुरुवातीपासूनच धरून चाललोय की सगळी यादी चोराच्या हातात आहे. ती राजवाड्याच्या भिंतीवर चिकटवली तरी 77.5 तला एकही बिट कमी होत नाही. ऑगस्ट केरखॉफ्स यांनी 1883 मध्ये गुप्तलेखनासाठी हेच तत्त्व सांगितलं होतं: पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, गुपित फक्त किल्ली असावी.

यादी करताना एक खास मराठी अडचण येते. कला, काळा आणि कळा हे तिन्ही रोमन लिपीत `kala` होतात. वहीत तीन शब्द दिसतात, चोराला मात्र एकच पुरतो. म्हणून यादी रोमनमध्ये लिहून अक्षरवार लावावी, म्हणजे जुळे शब्द शेजारी येऊन दिसतात. 

बिट खरे सांडतात ते दान वाचताना. तीन फासे एकदम टाकले आणि सोयीसाठी लहान-मोठे असे लावून वाचले, तर 2-4-6 आणि 6-2-4 यांत फरकच उरत नाही. 216 शक्यतांच्या जागी फक्त 56 राहतात, आणि दहा शब्दांत निदान एकोणीस बिट जातात. म्हणून फासे तीन रंगांचे घ्यावेत आणि कोणता रंग आधी वाचायचा ते टाकण्याआधीच ठरवावं.

दुसरी गळती आवडीनिवडीची. पूर्ण पासवर्ड आठ वेळा काढून त्यातला बरा निवडला तर जास्तीत जास्त तीन बिट जातात. हे परवडतं. पण एकेक शब्द नकोसा वाटला म्हणून मनाने बदलत गेलात, तर किती गेलं ते मोजताच येत नाही. तीन वेळा सहा पडले म्हणून आता सहा पडणार नाही, 13 नंबरचा शब्द अशुभ, मूलांक अमुक म्हणून अमुक आकडा हवा, हे सगळं इथे नुकसानच करतं. फाशाला मागचं दान आठवत नसतं. त्याचा हाच गुण आपण वापरतोय.

बाजारातला स्वस्त फासा एका अंगाला जड असेल तर? समजा तो इतका वाईट आहे की सहा चारातून एकदा पडतो आणि बाकीचे पाच आकडे सारखे. तरी दर दानाला सरासरी 2.553 बिट मिळतात, तीस दानांत एकच बिट घटतो. एवढी खोट ओळखणंही सोपं आहे. सहाशे वेळा फासा टाका. प्रत्येक आकडा शंभराच्या आसपास यावा, वीस इकडे-तिकडे चालेल. दीडशे सहा आले तर फासा बदला.

तीसच दानं का? त्या सेकंदाला लाख कोटींच्या यंत्रणेला पंचवीस दानांच्या, म्हणजे पाच मूळ शब्दांच्या, सगळ्या शक्यता संपवायला सुमारे 329 दिवस लागतात. पाच दानं वाढवली की हेच काम सात हजार वर्षांवर जातं. राइनहोल्ड यांनीही 2014 पासून पाचाऐवजी सहा शब्द सुचवले. पासवर्ड मॅनेजरची मुख्य किल्ली किंवा लॅपटॉपच्या डिस्कचं कुलूप यांना हे माप योग्य. खोट्या बँकेच्या पानावर आपणच पासवर्ड टाकला, तर मात्र बिट कितीही असोत, त्यांचा उपयोग नाही.

आणि दहा शब्द मावतच नाहीत अशा ठिकाणी? इंग्रजीची 26 अक्षरं आणि दहा आकडे मिळून 36 होतात, म्हणजे बरोबर दोन फासे. सहा ओळी, सहा रकाने असा तक्ता आखा. पहिला फासा ओळ सांगेल, दुसरा रकाना. पंधरा अक्षरं झाली की तीस दानं पूर्ण होतात. लक्षात ठेवायला हे अवघड आहे, म्हणून कागदावर उतरवून घ्या. वहीत लिहू नका, खालच्या पानावर ठसा उमटतो. सुटा कागद टेबलाच्या काचेवर ठेवून लिहा.