राव–ब्लॅकवेल सुधारणा

राव–ब्लॅकवेल सुधारणा : एखाद्या कच्च्या अनभिनत आकलकापासून कमी प्रचरणाचा अनभिनत आकलक मिळवण्याची संख्याशास्त्रातील रीत. त्यासाठी पर्याप्त नमुनाफल ज्ञात धरून कच्च्या आकलकाचे सशर्त अपेक्षित मूल्य काढतात. ज्याचे अपेक्षित मूल्य अज्ञात राशीच्या खऱ्या किमतीइतकेच असते तो आकलक अनभिनत. नमुन्यातून प्राचलाविषयी जे काही कळण्यासारखे आहे ते सगळे ज्यात उतरते ते पर्याप्त नमुनाफल. ते एकदा कळले की उरलेल्या तपशिलाची विभागणी प्राचलावर अवलंबून राहत नाही. सी. आर. राव यांनी हा निष्कर्ष १९४५ मध्ये कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये मांडला. डेव्हिड ब्लॅकवेल १९४७ मध्ये स्वतंत्रपणे तिथेच पोहोचले.

उदाहरण मुद्रितशोधनाचे घेऊ. एका पुस्तकाच्या प्रत्येक पानावरील चुकांची संख्या पॉयसन विभागणीने येते आणि पाने परस्परांपासून स्वतंत्र आहेत असे धरू. पानामागे सरासरी चुका λ. ही किंमत अज्ञात आहे. एखादे पान निर्दोष निघण्याची संभाव्यता, म्हणजे e^(−λ), हवी आहे. पाच पाने तपासली, चुका अनुक्रमे २, ०, १, ३, ० मिळाल्या.

सर्वांत आळशी आकलक असा : पहिले पान निर्दोष असेल तर १, नसेल तर ०. त्याचे अपेक्षित मूल्य बरोबर e^(−λ) आहे, म्हणून तो अनभिनत. पण इथे त्याचे उत्तर ० येते आणि उरलेली चार पाने त्याने पाहिलीच नाहीत. सुरुवातीला एवढा भोळा आकलक चालतो, हेच या रीतीचे खरे सुख.

पॉयसन विभागणीत एकूण चुका T हे पर्याप्त नमुनाफल असते. इथे T = ६. एकूण सहा चुका आहेत एवढेच माहीत असेल, तर त्यातली प्रत्येक चूक पाचांपैकी कोणत्याही पानावर सारख्याच संभाव्यतेने आणि इतर चुकांपासून स्वतंत्रपणे पडलेली असते. λ केवढा आहे याच्याशी या विखुरण्याचा संबंध नाही. एक चूक पहिले पान चुकवण्याची संभाव्यता ४/५. सहाही चुकांनी ते चुकवण्याची संभाव्यता म्हणजे ४/५ चा सहावा घात, ४०९६/१५६२५, सुमारे ०.२६२. हाच सुधारित अंदाज. n पानांसाठी सूत्र असे :

```
(1 - 1/n)^T
```

पहिल्याऐवजी तिसऱ्या पानापासून किंवा निर्दोष पानांच्या प्रमाणापासून (इथे २/५) सुरुवात केली, तरी उत्तर हेच येते.

प्रचरण का घटते? कच्च्या आकलकाच्या प्रचरणाचे दोन भाग पडतात : T बदलल्याने येणारा चढउतार, आणि T तोच असताना चुका कोणत्या पानावर पडल्या यामुळे येणारा चढउतार. सशर्त अपेक्षित मूल्य घेतले की दुसरा भाग गळतो, पहिला उरतो. कच्चा आकलक मुळातच T वरून ठरत असेल तर गळण्यासारखे काही नसते, म्हणून ही क्रिया दुसऱ्यांदा करून फायदा नाही. खरा λ १.२ असेल, तर पाच पानांसाठी कच्च्या आकलकाचे प्रचरण सुमारे ०.२१०, निर्दोष पानांच्या प्रमाणाचे ०.०४२ आणि सुधारित आकलकाचे ०.०२५ येते.

अट ज्यावर लादायची ते नमुनाफल पर्याप्त नसेल तर काय होते, हे पाहण्यासारखे आहे. T ऐवजी फक्त दुसऱ्या पानावरील चुका ज्ञात धरल्या, तर पहिल्या पानाविषयी काहीच कळत नाही आणि सशर्त अपेक्षित मूल्य e^(−λ) हेच येते. प्रचरण शून्य, पण जे शोधायचे तेच उत्तरात अज्ञात म्हणून बसलेले! अंतिम सूत्रात प्राचल शिल्लक राहिला, तर पर्याप्ततेची पायरी चुकली असे समजावे. पॉयसनचे गृहीतकच चुकीचे असेल, उदाहरणार्थ काही पाने अनुभवी जुळाऱ्याची आणि काही शिकाऊची असतील, तर मात्र सूत्र निमूट उत्तर देते आणि ते चुकीचे असते. बरीच पाने तपासल्यावर चुकांचे प्रचरण त्यांच्या सरासरीहून खूप मोठे दिसले, तर असा संशय घ्यावा.

अनभिनततेच्या अटीचाही एक काच आहे. याच पाच पानांवरून सलग दहा पाने निर्दोष निघण्याची संभाव्यता, e^(−10λ), विचारली तर T वर आधारलेला एकमेव अनभिनत आकलक (1 − 10/5)^T, म्हणजे (−1)^T, आहे. सहा चुका सापडल्या तर तो म्हणतो, दहाही पाने निर्दोष असणार हे निश्चित. सातवी सापडली की संभाव्यता उणे एक.