गोव्यातील घरची सांजआरती : ओवाळण्याची रीत आणि पदांचा क्रम कसा घडला

फोंडा, डिचोली किंवा पेडणे तालुक्यांतील बहुतेक हिंदू घरांमध्ये दिवसभराचे बोलणे कोंकणीतून चालते. मात्र तिन्हीसांजेला देवापुढे आणि तुळशीपाशी दिवा लागला, की त्याच घरातील माणसे मराठीतून आरती म्हणू लागतात. ही आरती आज एकसंध विधी वाटते. प्रत्यक्षात तिच्यात दोन वेगवेगळे प्रवाह मिसळले आहेत. हाताने ओवाळणे फार जुने आहे, तोंडाने म्हटली जाणारी पदे त्या मानाने अलीकडची आहेत, आणि घरच्या आरतीत ज्या अडचणी येतात त्या बहुधा या दोहोंचा मेळ न बसल्यामुळे येतात.

ओवाळण्याच्या विधीला संस्कृतात नीराजन म्हणतात. त्याचे जुने उल्लेख देवघरातले नाहीत, ते राजाच्या सैन्यासंबंधीचे आहेत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आश्विनातील नवमीला घोड्यांचे नीराजन करावे असे सांगितले आहे, आणि सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत हत्ती, घोडे आणि राजा यांच्यासाठी या शांतिविधीचा स्वतंत्र अध्याय आहे. मोहिमेपूर्वी अनिष्ट उतरवून टाकणे हा त्यामागचा हेतू होता. बाळंतिणीला, नवरदेवाला किंवा भाऊबीजेला भावाला ओवाळतानाही हीच भावना असते. देवपूजेत मात्र नीराजन नैवेद्यानंतर येते, आणि तेथे तो देवाचा उपचार ठरतो. म्हणून त्यात कोणत्या अवयवासमोर किती वेळा ज्योत न्यावी याचा विचार शिरला.

वैष्णव परंपरेत वारंवार उद्धृत होणाऱ्या एका श्लोकात पायांशी चार, नाभीशी दोन, मुखाशी एक आणि सर्वांगाभोवती सात असे एकूण चौदा फेरे सांगितले आहेत. घरी हा क्रम पाळणे अवघड नाही. उजव्या हातात निरांजनाचे ताट आणि डाव्या हातात घंटा घेऊन ज्योत प्रथम मूर्तीच्या पायांच्या उंचीवर आणावी. आपल्या डाव्या बाजूने वर, मग उजव्या बाजूने खाली, म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे, लहान वर्तुळे काढावीत. त्यानंतर हात नाभीपर्यंत, मग मुखापर्यंत वर न्यावा आणि शेवटी संपूर्ण मूर्ती आत येईल अशी मोठी वर्तुळे काढावीत. हात फार वेगाने फिरला की ज्योत मागे लवते, काजळी धरते आणि तुपातली फुलवात एका बाजूला कलंडते. ज्योत सरळ उभी राहील इतकाच वेग योग्य समजावा. अंगणातल्या तुळशीपाशी वारा असतो, तेव्हा मोठी वर्तुळे सोडून लहान फेऱ्यांवर थांबलेले बरे.

आता पदांकडे वळू. संतांच्या मराठी रचना भजन आणि कीर्तन यांमधून घरात आल्या, आणि त्यांतील काहींमध्ये ओवाळणे हे पदाच्या आशयाचाच भाग आहे. नामदेवांची मुद्रा असलेली ‘युगे अठ्ठावीस’ ही आरती घेतली, तर तिच्यात भक्त आरत्या ओवाळतात आणि कुरवंड्या चंद्रभागेत सोडतात असे वर्णन येते. ‘सुखकर्ता दुःखहर्ता’ आणि ‘लवथवती विक्राळा’ या समर्थ रामदासांच्या, म्हणजे सतराव्या शतकातल्या. ‘दुर्गे दुर्घट भारी’च्या शेवटी नरहरी हे नाव येते, तर दत्ताच्या ‘त्रिगुणात्मक त्रैमूर्ती’मध्ये एका जनार्दनी ही एकनाथांची मुद्रा आहे. अशा रीतीने निरनिराळ्या काळांतल्या कवींची पदे एका ताटाभोवती जमली. गणपती आधी, मग शंकर आणि देवी, त्यानंतर विठ्ठल किंवा दत्त आणि घरचे कुलदैवत हा क्रम सर्वसाधारण झाला. गोव्यात कुलदैवताच्या जागी शांतादुर्गा, मंगेश, म्हाळसा किंवा नागेश यांची आरती येते.

कोंकणी घरात ही पदे मराठीत का, हे समजण्यासाठी सोळाव्या शतकात जावे लागते. पोर्तुगीज येण्याच्या सुमारास गोव्यात धार्मिक लेखन मराठीतून होत होते. केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये आपले कृष्णचरित्र मराठी ओवीतच रचले. पुढे सासष्टी, बारदेश आणि तिसवाडी येथील देवळे पाडली गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळला नेण्यात आली, कारण ही गावे ज्या फोंडा भागात आहेत तो त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. १५६० मध्ये आलेले इन्क्विझिशन हे पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय मधल्या अल्प खंडासह १८१२ पर्यंत टिकले, आणि त्याच्या १७३६ च्या फर्मानाने अंगणातल्या तुळशीवरही बंदी घातली. नव्या काबिजादीत, म्हणजे अठराव्या शतकात पोर्तुगीजांकडे आलेल्या प्रदेशात, देवळे राहिली आणि मराठी भजनाची परंपराही राहिली. तोंडपाठ असलेल्या या पदांना ना पोथी लागत होती ना पुरोहित, म्हणून ती घराघरांत टिकणे सोपे गेले, असे मला वाटते.

चवथीला याच पदांचे रूप पालटते. तेव्हा घुमट, शामेळ आणि कांसाळे या वाद्यांच्या साथीने तीच ‘सुखकर्ता’ गायली जाते, एकेक ओळ आळवली जाते आणि लय टप्प्याटप्प्याने चढत जाते. मातीच्या घुमटाच्या तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे मढवीत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते बेकायदा ठरले आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात. २०१९ मध्ये गोवा शासनाने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. घुमट आरती इतकी लांबते की चौदा फेऱ्यांचा हिशेब तेथे लागू पडत नाही. ताट घरातल्या एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि प्रत्येक जण थोडा वेळ ओवाळतो.

रोजच्या संध्याकाळी मात्र पद आणि फेरे यांचा मेळ सहज बसवता येतो. ‘सुखकर्ता’ची तीन कडवी आहेत. पहिल्या कडव्यात पाय आणि नाभी यांच्यासमोरचे सहा फेरे, दुसऱ्यात मुखासमोरचा एक आणि तिसऱ्यात सर्वांगाचे सात पूर्ण करावेत. ‘जय देव जय देव’ या ध्रुपदाच्या वेळी हात मूर्तीसमोर स्थिर ठेवला तर कडवे आणि फेरे एकाच वेळी संपतात. ही सोय गाण्यासाठी केलेली आहे, शास्त्राने सांगितलेली नव्हे. याच पदात ‘संकटी पावावे’ ऐवजी ‘संकष्टी पावावे’ म्हणण्याची चूक फार रुळली आहे. पुढचे ‘निर्वाणी रक्षावे’ पाहिले की येथे संकटसमयी धाव घेण्याची विनवणी आहे, चतुर्थीच्या व्रताशी तिचा संबंध नाही, हे कळते.

त्यानंतर कापूर पेटवून ‘कर्पूरगौरं’ म्हणतात. कापूर भरकन जळतो, म्हणून एवढा एक श्लोकच त्याला पुरतो. मग निरांजन खाली ठेवून हात जोडून ‘घालीन लोटांगण’ म्हणतात, आणि ही माळ तर अनेक ठिकाणांहून ओवलेली आहे. पहिले कडवे नामदेवांचे, ‘कायेन वाचा’ भागवताच्या अकराव्या स्कंधातले आणि ‘अच्युतं केशवं’ शंकराचार्यांच्या नावे असलेल्या अच्युताष्टकातले आहे. हे म्हणताना स्वतःभोवती प्रदक्षिणा घालतात. मंत्रपुष्पांजलीत ऋग्वेद आणि ऐतरेय ब्राह्मण यांतले स्वरयुक्त मंत्र आहेत; ते ज्याला नीट म्हणता येतात असा कोणी घरात नसेल तर रोजची आरती ‘घालीन लोटांगण’वर संपवावी, ज्योतीवरून हात फिरवून तो डोळ्यांना लावावा आणि निरांजन न फुंकता देवापुढे जळू द्यावे.