‘स्किल’ हा शब्द आला कुठून? पालकसभेतल्या भाषणामागची गोष्ट

पालकसभेत एका वडिलांनी बेटिंग ॲपवर दहा मिनिटं भाषण केलं. लक्षात राहिलं ते त्यांच्या दहावीतल्या मुलाचं उत्तर: “बाबा, हा जुगार नाही, स्किल आहे.” मागच्या बाकावरून एकजण म्हणालेही, “कोर्टानेच तसं म्हटलंय.” हे अर्धंच खरं आहे.

ब्रिटिशांच्या 1867 च्या जुगार कायद्यातच ‘निव्वळ कौशल्याच्या’ खेळांना सूट होती. मुंबई इलाख्याच्या 1887 च्या कायद्यातही ती राहिली. मटका त्या सुटीत कधीच बसला नाही, रमी मात्र बसली. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कुठली पानं पडली हे लक्षात ठेवावं लागतं, त्यामुळे रमीत कौशल्य वरचढ आहे. पण त्याच निकालात पुढे असंही होतं की पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या डावातून क्लबचा मालक नफा काढत असेल, तर तो गुन्हा ठरू शकतो. हे पुढचं वाक्य जाहिरातीत कधी आलं नाही. 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतींना आणि 2017 मध्ये एका उच्च न्यायालयात फँटसी क्रिकेटला तोच युक्तिवाद लागू झाला. अकरा खेळाडू निवडायचे, कॅप्टनचे गुण दुप्पट, व्हाइस-कॅप्टनचे दीडपट. डोकं लागतंच, पण कॅप्टन पहिल्याच चेंडूवर बाद झाला तर ते डोकं काय करणार?

या मुलाने वडिलांच्या पॅन कार्डावर खातं उघडलं होतं आणि प्रत्येक मॅचला 49 रुपये भरत होता. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कायदा केला आणि स्किल की नशीब हा प्रश्नच बाजूला ठेवला. पैसे भरून पैसे जिंकायचे असतील, तर ऑनलाइन खेळ चालवणं, त्याची जाहिरात करणं आणि त्याचे व्यवहार पार पाडणं, तिन्ही बंद. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

मोठी ॲप्स बंद झाली तसा मुलगा व्हॉट्सॲपवरच्या ‘आयडी’कडे, म्हणजे एजंटाने उघडून दिलेल्या बेटिंगच्या खात्याकडे वळला. तिथे पॅन कोणी मागत नाही. 500 रुपये पाठवले की तेवढे ‘कॉइन’ जमा होतात. वडिलांना शंका आली ती यूपीआयच्या यादीवरून: आठवड्यात चार वेळा 500 रुपये गेले होते, आणि चारही वेळा घेणाऱ्याचं नाव वेगळं. एक नाव कुठल्याशा मोबाइल दुकानाचं होतं. असली खाती भाड्याची असतात. एक गोठवलं की दुसरं पुढे येतं. पहिल्यांदा जिंकलेले 300 रुपये लगेच मिळाले. नंतर 4,000 काढायला गेला, तेव्हा ‘आधी 1,000 भरा’ असा निरोप आला.

ते हजार रुपये मुलाने आईच्या फोनवरून भरले होते.