सोयाबीन उगवलं नाही तर बियाणं बदलून कसं मागायचं: अर्ज, पुरावे आणि मुदती

मृग-आर्द्राची पेरणी झाली की आठ-दहा दिवसांत कृषी सेवा केंद्रांपुढे ठरलेलं दृश्य दिसतं. शेतकरी म्हणतो बियाणं खराब. दुकानदार म्हणतो कंपनीला सांगा. कंपनीचा माणूस म्हणतो पेरणी खोल झाली, ओल कमी होती. या भांडणात तोंडी बोलणारा हरतो. ज्याच्याकडे पावती, टॅग आणि तारीख घातलेला अर्ज असतो, त्याच्या पिशव्या बदलून मिळण्याची निदान शक्यता असते.

अर्ज कोण करू शकतो, ते एका ओळीत संपतं: परवानाधारक दुकानातून पावतीवर बियाणं घेतलेला शेतकरी. घरचं राखलेलं किंवा शेजाऱ्याकडून विकत घेतलेलं बियाणं यात बसत नाही. अडचण पुढे, कागदांत आहे.

पावती घ्या. ती देणं विक्रेत्यावर बंधनकारक आहे, १९८३ च्या बियाणे नियंत्रण आदेशात तसं स्पष्ट लिहिलंय. तरीही उधारीवर माल घेतला की हातात चिठ्ठी पडते आणि पक्कं बिल 'हिशोब झाल्यावर' मिळतं. त्या चिठ्ठीवर 'सोयाबीन ६ बॅग' एवढंच असतं. बिलावर पीक, वाण, कंपनी, वजन, किंमत आणि मुख्य म्हणजे लॉट नंबर हवा. लॉट नंबर नसेल तर तुमची पिशवी आणि तुमचं बिल यांचा एकमेकांशी संबंधच सिद्ध होत नाही, आणि अर्ज तिथेच अडतो. बिल कोणाच्या नावावर आहे, तेही बघा. सातबारा आईच्या नावावर, बिल मुलाच्या नावावर, अर्ज वडिलांच्या सहीचा, असे अर्ज दरवर्षी परत येतात. बिल ज्याच्या नावावर आहे त्यानेच अर्ज करावा आणि जमीनमालकाचं साध्या कागदावर संमतिपत्र जोडावं. बटईने जमीन करणाऱ्यांनीही हेच करायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे टॅग. हा कागद कोणाकडेच नसतो. पिशवी फोडताना दोरा ओढला की टॅग बांधावर पडतो आणि पावसात जातो. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, सत्यप्रत बियाण्याचं लेबल हिरवं. त्यावर लॉट नंबर, तपासणीची तारीख, वैधता आणि उगवणशक्ती छापलेली असते. सोयाबीनसाठी किमान उगवणशक्ती ७० टक्के ठरलेली आहे, म्हणजे शंभरातले तीस दाणे न उगवणं हा दोष धरला जात नाही. पिशवी वरच्या शिवणीपासून न फोडता खालून फोडा, टॅग शिवणीला तसाच राहतो. रिकाम्या पिशव्या पेरणीनंतर पंधरा दिवस तरी जपून ठेवा, आणि प्रत्येक पिशवीतलं मूठ-दोन मूठ बियाणं लॉट लिहून कोरड्या कापडी पिशवीत ठेवा. बियाणं शिल्लक नसेल तरी हातपाय गाळू नका. राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की बियाणं सदोष निघेल या शंकेने शेतकरी थोडं बियाणं राखून ठेवेल अशी अपेक्षा करता येत नाही. १९६८ च्या बियाणे नियमांनुसार प्रत्येक विकलेल्या लॉटची नोंद तीन वर्षं ठेवायची असते, आणि त्या लॉटचा नमुनाही संपूर्ण लॉट विकून झाल्यावर वर्षभर टाकून देता येत नाही. म्हणून अर्जात एक वाक्य घालाच: 'या लॉटचा आपल्याकडील नमुना तपासणीसाठी उपलब्ध करून द्यावा.'

आता खरी गाठ. दोष बियाण्यात होता की पेरणीत, हे कसं दाखवायचं? सोयाबीनचं टरफल नाजूक असतं. पोती आपटली, थप्पी उंच लावली, साठवण ओलसर राहिली की बी आतून मरतं. पण पाच सेंटिमीटरपेक्षा खोल पडलेलं, किंवा ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होण्याआधी पेरलेलं चांगलं बियाणंही उगवत नाही, आणि कंपनी हेच कारण पुढे करते. त्याला उत्तर शेतातच शोधावं लागतं.

हे एक उदाहरण बघा. पाच एकर, २५ किलोच्या सहा पिशव्या, म्हणजे एकरी ३० किलो. चार पिशव्या एका लॉटच्या, दोन दुसऱ्या लॉटच्या. पेरणी २२ जूनला, एकाच ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राने, ओळींतलं अंतर ४५ सेंटिमीटर. या हिशोबाने एक मीटर ओळीत साधारण २८ दाणे पडतात, आणि ७० टक्के उगवण धरली तर १९ ते २० रोपं दिसायला हवीत. १ जुलैला दोन्ही भागांत दहा-दहा ठिकाणी मीटरपट्टी लावून रोपं मोजली. पहिल्या लॉटच्या भागात सरासरी ६ रोपं आली, दुसऱ्या लॉटच्या भागात १८. शेत तेच, दिवस तोच, यंत्र तेच, ओलही तीच. 'पेरणी खोल झाली' या आक्षेपाला यापेक्षा चांगलं उत्तर नाही. दोन लॉट हाती आले तर ते एकत्र ओतू नका, कोणता कुठे पेरला ते लिहून ठेवा. एकच लॉट असेल तर न उगवलेल्या जागी माती उकरा, दाणा किती खोल आहे ते पट्टी लावून फोटोत घ्या. तीन-चार सेंटिमीटरवर दाणा कुजलेला सापडला, तर खोलीचा मुद्दा उरत नाही.

मोजणी झाली की त्याच दिवशी अर्ज द्या. बहुतेक जण 'अजून दोन दिवस वाट बघू' म्हणत बारा-पंधरा दिवस घालवतात, तोवर पाखरं, पाऊस आणि तण यांनी शेत असं बदलतं की कोणालाच काही सांगता येत नाही. अर्ज तीन ठिकाणी जातो: विक्रेता, पिशवीवर छापलेल्या पत्त्यावर कंपनी, आणि तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीचा कृषी अधिकारी. विक्रेता पोच द्यायला टाळाटाळ करतो. वाद घालू नका, स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा.

अर्जात नेमकं काय मागायचं, इथे सगळ्यात जास्त अर्ज फसतात. 'माझं खूप नुकसान झालं आहे, तरी न्याय मिळावा' या वाक्यावर कंपनी काहीही देऊ शकते किंवा काहीच नाही. मागणी किलोत, रुपयांत आणि तारखेत लिहा. वरच्या उदाहरणातला मजकूर असा होईल:

'मी दि. १२ जून रोजी आपल्या दुकानातून बिल क्र. …… अन्वये …… वाणाचे सोयाबीन बियाणे, २५ किलोच्या सहा पिशव्या खरेदी केल्या. पैकी लॉट क्र. …… च्या चार पिशव्या गट क्र. …… मध्ये दि. २२ जून रोजी पेरल्या. दि. १ जुलैच्या मोजणीत या लॉटची सरासरी ६ रोपे प्रति मीटर आढळली. त्याच शेतात त्याच दिवशी पेरलेल्या लॉट क्र. …… ची सरासरी १८ आहे. बिल, टॅग, पिशव्या व फोटो यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. तरी सदोष लॉटच्या बदल्यात त्याच वाणाचे, वेगळ्या लॉटचे १०० किलो बियाणे दि. ८ जुलैपर्यंत द्यावे. ते शक्य नसल्यास चार पिशव्यांची किंमत परत करावी. दुबार पेरणीचा खर्च व उत्पन्नातील घट यांची मागणी मी राखून ठेवत आहे.'

८ जुलै ही तारीख उगाच घातलेली नाही. सोयाबीनची पेरणी साधारण १५ जुलैपर्यंतच करावी असं कृषी विद्यापीठं सांगतात. वीस जुलैला दारात आलेलं बदली बियाणं घेऊन करायचं काय? म्हणून बियाणं नाही तर पैसे, असे दोन्ही पर्याय अर्जात तारखेसह असावेत.

कृषी कार्यालयाला दिलेल्या अर्जावर तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतात येऊन पंचनामा करते. इथे वेळेचा पेच पडतो. शेत मोडून दुबार पेरलं तर पुरावा गेला, आणि समितीची वाट बघितली तर हंगाम गेला. पंचनामा कधी होणार, हे कार्यालयात कोणी छातीठोक सांगत नाही, कारण पावसाळ्यात तक्रारींचा ढीग असतो आणि गाडी एकच असते. उपाय एवढाच की दोन्ही लॉटच्या भागात आठ-दहा ओळींचा पट्टा न मोडता ठेवायचा, बाकीचं पेरायचं, आणि 'पट्टा तपासणीसाठी राखला आहे' असं कार्यालयाला आणि कंपनीला लेखी कळवायचं. मोडण्याआधी संपूर्ण शेताचे ठिकाण-तारीख दिसणारे फोटो घ्या.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. घाई असते, पाऊस असतो, अधिकारी 'करा हो सही' म्हणतात, तरी वाचा. नुसतं 'उगवण कमी आढळली' असं लिहिलेला पंचनामा पुढे टिकत नाही. कारण काय, लॉट कोणता, रोपांची मोजणी किती, ओल आणि खोली कशी होती, विक्रेत्याला आणि कंपनीला हजर राहण्याची सूचना दिली होती का, हे त्यात हवं. दुकानात त्याच लॉटची शिल्लक असेल तर बियाणे निरीक्षकाने नमुना घेऊन सरकारी प्रयोगशाळेत (पुणे, परभणी किंवा नागपूर) पाठवावा, अशी विनंती अर्जातच केलेली बरी. तो अहवाल दुबार पेरणीआधी येईल अशी आशा धरू नका. तो पुढच्या भांडणासाठी आहे.

बदली पिशव्या आल्याच, तर दोन गोष्टी तपासा. टॅगवरचा लॉट खरोखर वेगळा आहे का, कारण तोच लॉट पुन्हा माथी मारल्याची उदाहरणं आहेत. आणि कोणत्या कागदावर सही घेतात. 'माझी तक्रार मिटली आहे' असं आधीच छापलेलं असेल तर ते खोडून 'बदली बियाणे १०० किलो मिळाले, इतर मागण्या राखून' असं हाताने लिहा आणि मग सही करा.

काहीच मिळालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी कुठलीही असो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते. पण मुदत दोन वर्षांची आहे, आणि कृषी कार्यालयातला अर्ज पडून आहे म्हणून ती थांबत नाही. 'समितीचा अहवाल आला की बघू' म्हणून थांबलेले शेतकरी तिसऱ्या खरिपात फाईल घेऊन येतात, तेव्हा आधी उशिराचं कारण पटवून द्यावं लागतं आणि बियाण्याचा मुद्दा त्यानंतर निघतो. अहवालाची प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकारात मागा आणि दोन वर्षांच्या आत, अहवाल असो वा नसो, तक्रार दाखल करा.