संरक्षक साधनांचे चित्रप्रधान माहितीसत्र

कारखान्यातील कामगारांना हेल्मेट, चष्मा, हातमोजे, बूट, कानपट्टी व मास्क यांचा वापर समजावण्यासाठी पडद्यावर एकामागून एक दाखवल्या जाणाऱ्या स्लाइडचा आराखडा. यात प्रत्येक स्लाइडवर एकच मोठे चित्र आणि फार तर तीन-चार शब्द असतात. बाकीचे सगळे सुपरवायझर तोंडाने सांगतो. मराठवाड्यात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा व जालना येथील औद्योगिक वसाहतींत अशी सत्रे शिफ्ट सुरू होण्यापूर्वी किंवा नवा माणूस रुजू होताना घेतली जातात.

या पद्धतीचे मूळ कोठे शोधावे, यावर एकमत नाही. एक मत ते व्हिएन्ना येथे ओटो नॉयराट यांनी १९२० च्या दशकात सुरू केलेल्या चित्रसांख्यिकीकडे नेते. ही पद्धत पुढे ‘आयसोटाइप’ या नावाने ओळखली गेली. दुसरे मत अमेरिकेतील कारखान्यांच्या भिंतींवर विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून लागलेल्या सुरक्षा-भित्तिपत्रकांकडे बोट दाखवते. स्लाइडच्या बाबतीत दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण नॉयराट यांची चित्रे प्रमाण दाखवण्यासाठी होती, कृती शिकवण्यासाठी नव्हे. आज सर्वत्र दिसणाऱ्या निळ्या वर्तुळातील पांढऱ्या चिन्हांचा संच आयएसओ ७०१० या मानकात आहे. तेथे निळे वर्तुळ म्हणजे ‘हे करणे सक्तीचे’ आणि तिरपी रेघ असलेले लाल वर्तुळ म्हणजे ‘हे करू नका’.

अक्षर न येणाऱ्यालाही चित्र आपोआप कळते, हे गृहीतक मात्र तपासून घ्यावे लागते. विल्यम हडसन यांनी १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेतील चित्रवाचनावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. सपाट चित्रातील जवळ-दूर हा संकेत सरावाने शिकावा लागतो, असा त्याचा आशय होता. त्यांची रेखाटनेच संदिग्ध होती, असा आक्षेप नंतरच्या अभ्यासकांनी घेतला व तो बराचसा पटण्यासारखा आहे. त्याच देशातील खाणींबद्दल एक किस्सा वारंवार सांगितला जातो. रुळांवरचे दगड उचलून बाजूला टाका, असे सांगणारी तीन चित्रांची पट्टी कामगारांनी उजवीकडून डावीकडे वाचली आणि दगड रुळांवर नेऊन टाकले. तो जसाच्या तसा घडला असे मानण्यास पुरेसा आधार नाही. तरीही त्यातला धोका खरा आहे. डावीकडून उजवीकडे जाणे ही वाचता येणाऱ्या माणसाची सवय आहे, चित्राचा गुण नव्हे. म्हणून क्रमाची कृती एका पट्टीत न मांडता दर पायरीला वेगळी स्लाइड देणे हा या आराखड्याचा गाभा ठरतो. स्लाइड एका वेळी एकच दिसते, त्यामुळे क्रम चुकण्यास वाव राहत नाही.

जालन्यातील पोलाद कारखान्यांच्या संदर्भात हे स्पष्ट होते. येथे भंगार विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीत वितळवून त्याच्या बिलेट म्हणजे पोलादाच्या लांबट कांड्या व पुढे सळया तयार करतात. भट्टीवरील कामगारांत बिहार व उत्तर प्रदेशातून आलेल्यांची संख्या मोठी असल्याने मराठी मजकुराचा उपयोग मर्यादित राहतो. देवनागरीतले दोन-तीन सोपे शब्द, तेही मराठी व हिंदीत सारखे असणारे, एवढेच चालतात.

भट्टीच्या मचाणासाठी आराखड्याची सुरुवात बुटांपासून करणे सोयीचे असते, कारण कामगार अंगावर साधने चढवतो त्याच क्रमाने चित्रे येतात. पहिले चित्र नाडी नसलेल्या बुटाचे. वितळलेले पोलाद सुमारे १,६०० अंश सेल्सिअसला असते आणि थेंब बुटात शिरला तर बूट क्षणात झटकून काढता आला पाहिजे. दुसरे चित्र त्याच पायाचे, पँट बुटाच्या बाहेरून खाली सोडलेली. पँट बुटात खोचली की थेंब सरळ आत घसरतो. तिसऱ्यात सुती पोशाख दाखवतात व जुना पॉलिस्टरचा शर्ट लाल रेघेने खोडतात, कारण तो जळताना वितळून कातडीला चिकटतो. पुढे चामड्याचा एप्रन. मग सैल व कोरडे चामडी हातमोजे. मोजे ओले असतील तर गरम वस्तू धरताच आतल्या पाण्याची वाफ होऊन हात भाजतो, म्हणून मोजा पिळून पाणी गाळणारा हात दाखवून त्यावर लाल रेघ मारतात. त्यानंतर बंद चष्मा आणि त्यावरून तोंडावरची ढाल. ढाल एकटी पुरत नाही, कडेने कण आत येतात.

शेवटचे हेल्मेटचे चित्र मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हमखास फसते. घाम टिपायला कामगार आत गमछा घडी करून ठेवतात. हेल्मेटचे कवच व डोक्यावरची पट्ट्यांची टोपली यांत मुद्दाम मोकळी जागा सोडलेली असते. आघात तेथेच शोषला जातो. गमछ्याने ती भरली की धक्का थेट कवटीला पोहोचतो. बाहेरून काढलेल्या फोटोत हे दिसत नाही. त्यामुळे हेल्मेट अर्धे कापून आतली पोकळी दाखवणारे रेखाचित्रच येथे लागते. एरवी त्याच शेडमध्ये काढलेला फोटो अधिक ओळखीचा ठरतो, पण कापून दाखवायचे असेल तेव्हा रेघच कामाची.

रोलिंग मिलकडे गेले की कानातील फोमच्या गुल्लीसाठी तीन स्लाइड द्याव्या लागतात. गुल्ली बोटांत वळून बारीक करणे, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढणे, आत घालून ती फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवणे. ओढण्याची पायरी चित्रात नसेल तर गुल्ली अर्धी बाहेर राहते. समोरून पाहताना ती कानाबाहेर डोकावते, त्यावरून चूक लगेच कळते.

चित्रे कळली का, हे पडद्याकडे पाहून माना डोलावण्यावरून ठरवता येत नाही. सत्र संपताच दोघा-तिघांना शब्द न बोलता तेच साधन घालायला लावणे हाच विश्वासार्ह पडताळा. ज्या चित्रावर दोघे वेगळे करतात, ते बदलावे. अक्षराची उंची साधारणपणे अंतराच्या दोनशेव्या भागाएवढी धरतात. दहा मीटरवर बसलेल्या माणसासाठी सुमारे पाच सेंटिमीटर. मात्रा व जोडाक्षरे असल्याने देवनागरीत त्याहून थोडे मोठे ठेवलेले बरे. भरदिवसा पत्र्याच्या शेडमध्ये प्रोजेक्टरचा रंग फिका पडतो, तेव्हा तीच चित्रे फ्लेक्सवर छापून टांगतात.

आराखड्याची मर्यादाही येथेच आहे. भंगारात ओलावा किंवा बंद नळकांडे गेले तर भट्टीत स्फोट होतो आणि अंगावरची कोणतीही साधने त्याला पुरी पडत नाहीत. हा धोका भंगार निवडतानाच टाळायचा असतो. म्हणून त्याची स्लाइड साधनांच्या मालिकेत न घालता वेगळी द्यावी. अन्यथा सर्व साधने घातलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजतो. हातमोज्यांबाबतही उलट नियम लागू होतो. फिरत्या ड्रिल वा लेथजवळ मोजे घालू नयेत, कारण मोजा अडकला की हात ओढला जातो. यासाठी आयएसओ ७०१० मध्ये मोज्यांवर लाल रेघ असलेले स्वतंत्र चिन्ह आहे. पण दोन्ही चिन्हे एकाच सत्रात आली तर गोंधळ होतो, तेव्हा विभागानुसार संच वेगळे करणे इष्ट.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३५ मध्ये डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १११-अ मध्ये कामगाराच्या सुरक्षाविषयक माहिती व प्रशिक्षणाच्या हक्काचा उल्लेख आला. सत्र चित्रांचे असावे की शब्दांचे, याबद्दल त्यांत काही म्हटलेले नाही.

परभणी, हिंगोलीकडील जिनिंग कारखान्यांसाठीच्या आराखड्यांची माहिती त्रोटक आहे. तेथे कापसाच्या धुळीसाठी मास्क लागतोच, शिवाय कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राजवळ काम करणाऱ्या स्त्रियांचा पदर व बांगड्या फिरत्या भागांत अडकू शकतात. प्रचलित चिन्हांतील मानवाकृती पँट घातलेली असते, त्यामुळे पदर खोचून वर आखूड एप्रन बांधलेली स्त्री स्थानिक पातळीवर वेगळी काढून घ्यावी लागते.