वडिलांचे शेवटचे रिटर्न आणि वारसाचे स्वतःचे रिटर्न: कोणते उत्पन्न कुठे, आणि अडकलेला रिफंड कसा मिळतो

घरातले कोणी गेले की त्या वर्षाच्या आयकराचा गोंधळ ठरलेला असतो. कोणी वर्षभराचे सगळे उत्पन्न वडिलांच्या पॅनवर दाखवून मोकळे होते. कोणी 'माणूसच नाही तर रिटर्न कशाला' म्हणून सोडून देते आणि कापलेला टीडीएस तसाच पडून राहतो. इथे मुळात दोन वेगळी रिटर्न आहेत. एक वडिलांचे, जे वारस त्यांच्या वतीने भरतो. दुसरे वारसाचे स्वतःचे, जे तो दरवर्षी भरतोच. दुसऱ्याबद्दल सांगायला फारसे काही नाही. ते नेहमीसारखेच, फक्त त्यात एक-दोन नव्या ओळी येतात. खरा घोळ होतो तो कोणती ओळ कोणाच्या रिटर्नमध्ये जाते यात.

नियम साधा आहे: मृत्यूच्या दिवसापर्यंतचे उत्पन्न वडिलांचे, त्यानंतरचे त्यांचे नाही. आयकर कायदा १९६१ च्या कलम १५९ प्रमाणे वारस वडिलांच्या करासाठी जबाबदार असतो, पण मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेतच. स्वतःच्या खिशातून वडिलांचा कर भरावा लागेल ही भीती काढून टाका. (१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला आहे. त्याआधीच्या आर्थिक वर्षांना जुनाच कायदा लागू होतो, म्हणून इथे जुनीच कलमे दिली आहेत.)

एक उदाहरण आकड्यांसकट पाहू. निवृत्त वडील, वय ७२, नवी करप्रणाली, मृत्यू ३० नोव्हेंबर २०२४. पेन्शन महिना ४०,००० रुपये. बँकेत २५ लाखांची एफडी, वर्षाचे व्याज १,८०,०००, म्हणजे महिना १५,०००. नॉमिनी आई. मागे आई, मुलगा आणि मुलगी. मृत्युपत्र नाही. मार्चअखेरपर्यंत एफडी वडिलांच्याच नावावर राहिली आणि बँकेने १० टक्क्यांनी १८,००० रुपये टीडीएस वडिलांच्या पॅनवर भरला.

वडिलांच्या रिटर्नमध्ये काय येईल? आठ महिन्यांची पेन्शन ३,२०,००० आणि आठ महिन्यांचे व्याज १,२०,०००, मिळून ४,४०,०००. त्यातून प्रमाणित वजावट ७५,०००, उरले ३,६५,०००. तीन लाखांवरच्या ६५,००० वर ५ टक्क्यांनी ३,२५० रुपये कर येतो आणि कलम ८७-अ च्या सवलतीने तो शून्य होतो. प्रमाणित वजावट आणि तीन लाखांची मर्यादा दोन्ही पूर्ण मिळतात. माणूस आठच महिने होता म्हणून दोन्हींचा आठ-बारांश धरायचा, असे सांगणारे बरेच भेटतात. ते चूक आहे. आणि कर शून्य आला तरी उत्पन्न तीन लाखांच्या वर आहे, म्हणून रिटर्न भरणे बंधनकारकच आहे.

आता डिसेंबर ते मार्चचे ६०,००० रुपये व्याज. आयकर पोर्टलवरच्या एआयएस आणि 26AS या उत्पन्न-टीडीएसच्या नोंदींमध्ये ते वडिलांच्याच पॅनवर दिसते, आणि इथेच सगळे फसतात. 'पोर्टलवर दिसतंय ते टाका' हा सल्ला या ठिकाणी सरळसरळ चुकीचा आहे. बँकेला मृत्यू उशिरा कळला म्हणून पैसे कमावणारा माणूस बदलत नाही. पोर्टलवरची ओळ म्हणजे बँकेने काय कळवले त्याची नोंद. उत्पन्न कोणाचे हे तिच्यावरून ठरत नाही.

मग ते कोणाचे? नॉमिनी आई आहे म्हणून आईचे, असे लगेच म्हणू नका. नॉमिनी म्हणजे बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे ती व्यक्ती, मालक नव्हे. कुटुंब हिंदू असेल आणि मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा आणि मुलगी यांचे समान हिस्से. म्हणजे प्रत्येकाच्या रिटर्नमध्ये २०,००० रुपये. मृत्युपत्र असेल आणि त्यात व्यवस्थापक नेमलेला असेल, तर वाटणी पूर्ण होईपर्यंतचे उत्पन्न कलम १६८ खाली त्या व्यवस्थापकाच्या हाती, 'इस्टेट' म्हणून वेगळे करपात्र होते. आईला डिसेंबरपासून सुरू झालेली कुटुंब निवृत्तिवेतनाची रक्कम मात्र पूर्ण आईचीच. ती वडिलांच्या पेन्शनमध्ये मिसळू नका. बँकेने चुकून डिसेंबरची पेन्शन वडिलांच्या खात्यात जमा करून नंतर परत घेतली असेल, तर ती कोणाचेच उत्पन्न नाही.

हे नीट न केल्याचा फटका दोन बाजूंनी बसतो. सगळे १,८०,००० वडिलांकडे दाखवले तर त्यांचा कर तरीही शून्यच येतो आणि पूर्ण १८,००० परत मिळतील असे वाटते. पण मुलगा तीस टक्क्यांच्या गटात असेल तर त्याच्या वाट्याच्या २०,००० वरचे सेससह ६,२४० रुपये बुडवले जातात, आणि ते त्याचे लपवलेले उत्पन्न ठरते. उलट, उत्पन्न १,२०,००० च दाखवून टीडीएस मात्र पूर्ण १८,००० मागितला, तर विसंगती निघते आणि रिफंड तिथेच अडकतो. टीडीएस उत्पन्नाच्या मागे जातो: वडिलांकडे १२,०००, उरलेले ६,००० तिघांकडे दोन-दोन हजार.

ते दोन-दोन हजार तिघांना कसे मिळणार? नियम 37BA(2) प्रमाणे बँकेला लेखी निवेदन द्यायचे: ज्यांचे उत्पन्न आहे त्यांची नावे, पत्ते, पॅन, रक्कम आणि कारण. बँक त्यानुसार आपल्या टीडीएस विवरणात ती रक्कम त्या-त्या पॅनवर दाखवते. बऱ्याच शाखांना हा नियम माहीत नसतो, म्हणून नियमाचा क्रमांक लिहूनच अर्ज द्या आणि पोच घ्या. दुसऱ्याच्या पॅनवरचा टीडीएस स्वतःच्या रिटर्नमध्ये मागायचा असेल तर ITR-1 चालत नाही, ITR-2 घ्यावा लागतो. त्यात अशा टीडीएससाठी वेगळा रकाना आहे. वडिलांच्या रिटर्नसाठी पेन्शन आणि व्याज एवढेच असेल तर ITR-1 पुरतो. आणि बँकेकडून '१ एप्रिल ते मृत्यूच्या तारखेपर्यंत' असा व्याजाचा दाखला मागून घ्या. वर्षाच्या दाखल्यावरून अंदाजाने भाग पाडत बसू नका.

वडील जूनमध्ये गेले असतील आणि आधीच्या वर्षाचे रिटर्न भरायचे राहिले असेल, तर त्यांची दोन रिटर्न भरावी लागतात: एक आधीच्या पूर्ण वर्षाचे, दुसरे एप्रिलपासून मृत्यूपर्यंतचे. मुदत नेहमीचीच, मृत्यूमुळे ती वाढत नाही.

आता भरायचे कसे. वडिलांचा पासवर्ड माहीत आहे, आधारचा ओटीपी त्यांच्या सिमवर येतो, मग तसेच लॉगिन करून ई-व्हेरिफाय करून टाकायचे, हा प्रकार सर्रास चालतो आणि काही सल्लागारही तोच मार्ग सांगतात. कृपया करू नका. रिटर्नच्या शेवटी 'मी सत्य माहिती देतो' असे प्रतिज्ञापन असते. ते मृत माणसाच्या नावाने, मृत्यूनंतरच्या तारखेला दिले तर ते रिटर्न वैधच नाही, आणि पुढे रिफंडचा प्रश्न निघाला की हीच गोष्ट आड येते.

योग्य मार्ग असा: वारसाने *स्वतःच्या* पॅनने incometax.gov.in वर लॉगिन करायचे. Authorised Partners मध्ये Register as Representative Assessee, तिथे Create New Request, आणि प्रकार Deceased (Legal Heir). वडिलांचा पॅन, जन्मतारीख, मृत्यूची तारीख भरायची. वडिलांचे पॅन कार्ड, मृत्यू दाखला आणि वारसाचा पुरावा जोडायचा.

या तिसऱ्या कागदासाठी लोक महिनोन्‌महिने कोर्टात अडकतात, आणि बहुतेकांना त्याची गरज नसते. कोर्टाचा किंवा महसूल कार्यालयाचा वारस दाखला चालतो, हयात कुटुंबीयांचा महसूल दाखला चालतो, नोंदणीकृत मृत्युपत्र चालते, सरकारी कुटुंब निवृत्तिवेतनाचा आदेश चालतो. आणि बँकेचे लेटरहेडवरचे, सही-शिक्क्याचे पत्रही चालते, ज्यात मृत्यूच्या वेळी खात्याचा नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार कोण होता हे लिहिलेले असते. नॉमिनी पैशाचा मालक नसला तरी पोर्टलवर वारस म्हणून नोंदणीसाठी त्याचे हे पत्र पुरते. वरच्या उदाहरणात आईने शाखेतून हे पत्र घेतले की काम झाले. अर्ज मंजूर झाला की वारसाच्या लॉगिनमधूनच वडिलांच्या प्रोफाइलवर जाता येते. तिथून एआयएस, 26AS पाहायचे, रिटर्न वडिलांच्या पॅनवर भरायचे, पडताळणीत वारसाचे नाव, पॅन आणि 'प्रतिनिधी' ही भूमिका लिहायची आणि वारसाच्याच आधार ओटीपीने व्हेरिफाय करायचे.

रिफंड. कलम २३८(२) प्रमाणे तो मागण्याचा आणि घेण्याचा हक्क वारसाला आहे. हक्काबद्दल वाद नाही, अडचण खात्याची असते. रिफंड प्रमाणित केलेल्या खात्यातच येतो, आणि प्रमाणीकरण म्हणजे खात्याला जोडलेला पॅन रिटर्नच्या पॅनशी जुळणे. म्हणून घाईने वडिलांचे खाते बंद केले की रिफंड परत जातो. यावर सोय आहे: रिझर्व्ह बँकेच्या जुन्या सूचनेनुसार, वारसाच्या संमतीने बँक मृताच्या 'इस्टेट'च्या नावाने खाते ठेवू शकते, ज्यात मागून येणाऱ्या रकमा जमा होतात, पैसे मात्र काढता येत नाहीत. दाव्याचा अर्ज भरताना हे विचारा. नाहीतर बँक रक्कम 'खातेदार मृत' असा शेरा मारून परत पाठवते.

रिफंड परत गेलाच, तर वारसाच्या लॉगिनमधून, वडिलांच्या प्रोफाइलवर जाऊन Services मधील Refund Reissue वापरायचे. पॅन जुळत नाही म्हणून खाते नाकारले गेले तर पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि मंजूर वारस नोंदणी, मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा घेऊन वडिलांच्या पॅनच्या कर निर्धारण अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. रिफंड एकाच्या खात्यात आला तरी तो सगळ्या वारसांचा असतो. नोंदणी केलेल्याने तो फक्त स्वीकारलेला असतो.

मुदत गेली तर? या उदाहरणातल्या २०२४-२५ साठी उशिराचे रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होते. त्यानंतर ITR-U, म्हणजे मुदतीनंतरचे अद्ययावत रिटर्न, भरून रिफंड मागता येत नाही, कितीही जण सांगोत. एकच वाट उरते: कलम ११९(२)(ब) खाली विलंब माफीचा अर्ज. तो आकारणी वर्ष, म्हणजे उत्पन्नाच्या वर्षापुढचे वर्ष, संपल्यापासून पाच वर्षांच्या आत करावा लागतो, म्हणजे इथे ३१ मार्च २०३१ पर्यंत.

पॅन रद्द करण्याचा अर्ज सगळ्यात शेवटी द्या, रिफंड खात्यात आल्यावर आणि शेवटचे रिटर्न तपासून आयकर विभाग पाठवतो ती सूचना हाती पडल्यावर. आधी पॅन रद्द केला तर त्या पॅनवरचे रिटर्न, तक्रार, पुन्हा रिफंड मागणे, काहीच पुढे सरकत नाही.