सोने-मजुरी गुणोत्तर

एक औंस सोने घ्यायला मजुराला किती दिवसांची कमाई मोजावी लागते, हे सांगणारा आकडा. औंसाच्या भावाला दिवसाच्या मजुरीने भागले की तो मिळतो. भाव आणि मजुरी एकाच वर्षाची व एकाच चलनातली घेतली, तर महागाईचा वेगळा हिशेब करावा लागत नाही. म्हणूनच शंभर वर्षांपूर्वीच्या मजुराची आजच्या मजुराशी तुलना करताना हा आकडा सोयीचा पडतो. येथे औंस म्हणजे सराफीतला ट्रॉय औंस, 31.1 ग्रॅमचा. इतर मालाचा औंस 28.35 ग्रॅमचा असतो. तो चुकून धरला, तर उत्तर जवळपास दहा टक्क्यांनी चुकते.

आकडा हलला की आधी पाहायचे ते एवढेच : सोने हलले, की मजुरी? अमेरिकेच्या इतिहासात ही दोन्ही उत्तरे स्वच्छ वेगळी दिसतात.

1914 च्या जानेवारीत हेन्री फोर्ड यांनी डेट्रॉइटजवळच्या आपल्या कारखान्यात दिवसाला 5 डॉलर देण्याची घोषणा केली. त्याआधी तिथे नऊ तासांच्या दिवसाला सुमारे 2.34 डॉलर मिळत. सोन्याचा भाव कायद्याने बांधलेला होता, औंसाला 20.67 डॉलर. म्हणजे आदल्या महिन्यात औंसाला जवळजवळ नऊ दिवस लागत होते, ते चारावर आले. सोन्याचा भाव एका सेंटानेही हलला नव्हता. शिवाय त्याच वेळी कामाचा दिवस नऊ तासांवरून आठ तासांचा झाला. त्यामुळे तासांत मोजले तर फरक आणखी मोठा दिसतो : सुमारे 80 तासांवरून 33 तासांवर. ‘दिवस’ हे माप स्वतःच लांबीला बदलते, म्हणून जुन्या काळाशी तुलना करताना तास मोजणे अधिक खात्रीचे. मात्र या 5 डॉलरांतला निम्म्याच्या आसपासचा भाग नफ्याचा वाटा म्हणून होता आणि तो अटी पाळणाऱ्यांनाच मिळे.

1934 मध्ये भाव 35 डॉलरवर बांधला गेला आणि 1971 पर्यंत तोच अधिकृत भाव राहिला. मजुरी मात्र वाढत होती. 1970 च्या सुमारास साध्या कामगाराला तासाला साधारण 3.40 डॉलर मिळत, म्हणजे आठ तासांचे 27 डॉलर. हिशेबाने औंसाला दीड दिवससुद्धा लागत नव्हता. हा आकडा पाहून तो काळ कामगारासाठी सोन्याचा होता असे म्हणणारे एक गोष्ट विसरतात. 1933 पासून 1974 च्या अखेरपर्यंत अमेरिकन नागरिकाला, दागिने आणि संग्राह्य नाणी सोडली, तर सोने बाळगायला बंदी होती. दीड दिवसाच्या पगारात येणारा तो औंस कामगाराला दुकानात मिळतच नव्हता. माझ्या मते बांधलेल्या भावाच्या काळातले आकडे या खुलाशाशिवाय छापूच नयेत.

ऑगस्ट 1971 मध्ये डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सुटली आणि मग आकडा सोन्याच्या भावामागे धावू लागला. 21 जानेवारी 1980 रोजी लंडनमध्ये भाव 850 डॉलर झाला. तेव्हाच्या मजुरीने हे सुमारे 16 दिवस होतात. त्याच वर्षाचा सरासरी भाव घेतला तर मात्र जेमतेम 11. शिखराचा एक दिवस निवडून केलेली तुलना म्हणूनच फसवी ठरते, वर्षाची सरासरी बरी. 2001 मध्ये सरासरी भाव 271 डॉलर आणि मजुरी तासाला साडेचौदा डॉलर होती, तेव्हा औंसाला सव्वादोन दिवसांहून थोडे अधिक पुरत. 2024 मध्ये भाव सुमारे 2,390 आणि मजुरी 30 डॉलर होती, तेव्हा दहा दिवस लागले. या तेवीस वर्षांत मजुरी दुप्पट झाली, सोने जवळपास नऊपट.

आपल्याकडे औंस कोणी मागत नाही, तोळा मागतात. मूळ तोळा 11.66 ग्रॅमचा, पण हल्ली पेढीवर तोळा म्हणून 10 ग्रॅमच धरतात, आणि जुन्या-नव्या भावांची तुलना करताना नेमकी इथेच गल्लत होते. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. 2024 च्या मध्यावर 10 ग्रॅम शुद्ध सोने सुमारे 72,000 रुपये धरले, तर 242 दिवस होतात. औंस घ्यायचा तर 750 हून अधिक. केंद्राच्या कायद्यातली हमी तेव्हा घरटी वर्षाला 100 दिवसांची होती, म्हणजे तेवढ्याच कामावर एका तोळ्याला घराची जवळजवळ अडीच वर्षांची मजुरी, पोटाला एक पैसाही खर्च न करता. त्यावर 3 टक्के जीएसटी आणि दागिना असेल तर घडणावळ वेगळी.